चलनवाढ म्हणजेच चलनवाढ

"पैशाचा इतिहास हा मानवी मोहाचा इतिहास आहे, आणि मोहावर मनुष्यजातीला आजवर एकच औषध सापडले आहे. ते औषध म्हणजे नियम!"

प्रा. वामनराव पिंजरकर हे वाक्य उच्चारत तेव्हा वर्गातला पंखासुद्धा अदबीनं हळू फिरे. तास संपला की सर स्टाफरूममध्ये जात आणि चहात तिसरा चमचा साखर घालत. डॉक्टरांनी अर्धाच चमचा सांगितला होता. पण सरांचं म्हणणं, तो नियम नव्हे, सल्ला आहे. आणि सल्ला कोणी कोणाला देऊ नये.

सरांचं पुस्तक अमरावतीपासून अकोल्यापर्यंत अर्थशास्त्राच्या प्रत्येक पोराच्या पिशवीत असे. त्याला नाव होतं, पण ते कोणी घेत नसे. "पिंजरकर आहे का?" एवढं विचारलं की दुकानदार पुस्तक काढून देई. त्या पुस्तकाचा गाभा एका नियमात होता. देशात पैसा किती असावा हे मोठ्या बँकेतल्या साहेबांच्या मर्जीवर सोडू नये. देशाचं उत्पादन लांबच्या पल्ल्यात ज्या गतीनं वाढतं, साधारण त्याच गतीनं, दरवर्षी ठरलेल्या टक्क्यांनी पैसा वाढवत जावा. तेजी येवो, मंदी येवो, निवडणूक येवो, आकडा हलता कामा नये. कारण साहेबानं मध्ये हात घातला की त्याचा परिणाम दिसायला कधी सहा महिने लागतात, कधी दीड वर्ष. तोवर हवा फिरलेली असते, आणि मंदीवर दिलेलं औषध नेमकं तेजीत अंगी लागतं.

सरांनी हे नुसतं लिहिलं नाही, घरात चालवलं. दर गुढीपाडव्याला ते माणिकबाईंना घरखर्चाचं पाकीट देत आणि त्यात गेल्या वर्षीपेक्षा पाच टक्के जास्त असत. पोरीचं लग्न निघालं त्या वर्षीही पाच टक्के. पोरगी सासरी गेली, खाणारं तोंड कमी झालं, त्या वर्षीही पाच टक्के. माणिकबाई हसत आणि पाकीट घेत. नियमावर टीका करायची त्या घरात चाल नव्हती.

सर गेले त्याला दोन वर्षं झाली. म्हणजे अमरावतीच्या घरातून गेले. अकोल्यात, श्रावण तायड्यांच्या तोंडातून ते अजून जायचे होते.

डॉ. श्रावण तायडे मूळचे तेल्हाऱ्याचे. अकोल्याच्या एका महाविद्यालयात तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवत होते आणि आणखी दोन वर्षांनी निवृत्त होणार होते. सरांचे लाडके विद्यार्थी. इतके लाडके की शिकवताना सर जिथं खाकरत तिथं तेही खाकरत. सरांना दम्याचा त्रास होता. श्रावणरावांची छाती ठणठणीत होती. तरी "भ्रमणवेग" या शब्दाच्या आधी घशात काहीतरी अडके, आणि खाकरल्याशिवाय शब्द बाहेर पडत नसे. भ्रमणवेग म्हणजे पैसा वर्षभरात किती हातांतून फिरतो तो वेग. पण पहिल्या बाकावरच्या आचल नावाच्या मुलीनं एकदा सगळ्यांदेखत वहीत लिहून घेतलं होतं, 'खाकरणे, भ्रमणवेग'.

परीक्षेचे पेपर तपासायला बसलं की आणखी वाईट. हॉलमध्ये उन्हाळ्याची उष्णता, टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, आणि प्रत्येक गठ्ठ्यातून एकच माणूस बोलतो आहे. अक्षर मोर्शीच्या पोराचं, बार्शीटाकळीच्या पोरीचं, आवाज सरांचा. मेलेला माणूस एवढ्या हातांनी लिहितो हे पाहून श्रावणरावांच्या पाठीवरून घामाऐवजी दुसरंच काहीतरी ओघळे. आणि सगळ्यात भीती कशाची, तर त्या सगळ्यांना ते स्वतःच शिकवून पाठवत होते.

अशात अभ्यासक्रम बदलला. एमएच्या नव्या घटकाचं नाव होतं, 'पैशाच्या स्थिर वाढीचा नियम आणि त्यावरील केन्सवादी टीका'. पिंजरकरांच्या पुस्तकात नियमावर चाळीस पानं होती. टीकेवर एक वाक्य होतं: "केन्सवाद्यांनी या नियमावर टीका केली आहे, ती बरोबर नाही."

प्रकाशक गजेंद्र फोनवर रडकुंडीला आला होता. "सर, पंधरा मार्काचा प्रश्न हाय अन् आपल्या पुस्तकात उत्तर नऊ शब्दायचं! बारा पानाचा निबंध द्या तुमी. पुरवणी म्हणून मागं लावतो. कव्हरवर तुमचं नाव टाकतो. सोमवारी मशीनवर घेऊन राहिलो. नसन जमत तर तसं सांगा, मी नागपूरवाल्याकडून लिहून घेतो."

कव्हरवर नाव! तीस वर्षांत श्रावणरावांनी नोट्स लिहिल्या होत्या, प्रश्नसंच लिहिले होते, सरांच्या गौरवग्रंथात 'सर: एक वटवृक्ष' लिहिलं होतं. पण ज्याच्याखाली आपली सही करावी आणि आतून वाटावं की हो, हे मी म्हटलंय, असं वाक्य त्यांनी लिहिलेलं नव्हतं. निवृत्तीआधीची ही एकच संधी होती. मंदीत सरकारनं आणि बँकेनं हात घातलाच पाहिजे, हे केन्सवाद्यांचं म्हणणं त्यांना मनातून पटत होतं, ते बिचाऱ्यांनी तीस वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं इतकंच.

ते लिहायला बसले आणि मग जे व्हायला लागलं ते त्यांनी कोणाला सांगितलं असतं तर लोकांनी त्यांना मांत्रिकाचा पत्ता दिला असता.

वाक्याची सुरुवात नीट होई. "केन्सवाद्यांच्या मते पैशाचा भ्रमणवेग स्थिर नसतो, त्यामुळे चलनात वाढ होऊनही चलनवाढ..." इथपर्यंत पेन त्यांचं. इथून पुढं पेन जड होई आणि वाक्य आपोआप वळण घेई, "...होत नाही असे म्हणणे म्हणजे वदतोव्याघात होय." वदतोव्याघात, म्हणजे आपलंच बोलणं आपणच खोडणं, हा शब्द श्रावणरावांनी आयुष्यात स्वतःहून वापरलेला नव्हता. त्यांनी कागद फाडला. दुसऱ्या कागदावर दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली, आणि पान संपता संपता पुन्हा नियमाचा विजय झाला. तिसरा कागद तर पहिल्या ओळीतच शरण गेला.

त्यांची बायको चंदाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला.

"काय लिहून राहिले हे?"

"सरांच्या नियमावरची टीका."

"हे टीका हाय? हे तं आरती हाय! फक्त कापूर लावाचा राह्यला."

"लिहिताना काहीतरी होतं ग. हात माझा राहत नाही."

चंदाबाईंनी त्यांच्याकडे बारीक पाहिलं. "झोपीत बी तुमी खाकरता," त्या म्हणाल्या. "परवा म्या पाणी आणून देल्लं तं तुमी 'धन्यवाद' म्हणाले. तीस वर्षांत तुमी मले कधी धन्यवाद म्हटलं नाई. ते म्हणत होते, सर. माणिकबाईले." मग त्यांनी आवाज खाली आणला. "अमरावतीले जाऊन या एकदा. जे काई हाय ते तिथंच मिटवा. घरात नोका आणू."

जावं लागणारच होतं. पुस्तकाचे हक्क माणिकबाईंकडे होते, आणि त्यांनी गजेंद्रला अट घातली होती: निबंध छापण्याआधी सरांच्या खोलीत, सरांच्या खुर्चीसमोर मोठ्यानं वाचायचा. वर आणखी एक पोटअट. "त्यायच्यावर टीका करा, माझं काई म्हणणं नाई. पण त्यात त्यायचं एकबी वाक्य नसलं पायजे. त्यायच्याच तोंडून त्यायले शिव्या द्याच्या, हे मले चालणार नाई."

आणि ही पोटअट साधी नव्हती. पुस्तकाच्या पाचही आवृत्त्यांची मुद्रणप्रत माणिकबाईंनी स्वतःच्या हातानं उतरवून काढली होती. सरांचं कुठलं वाक्य कुठल्या पानावर आहे हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

शनिवारी श्रावणराव बसनं निघाले. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, आणि बॅगेतले बारा कागद मांडीवर असे पडून होते, जसं कोणी दुसऱ्याचं बाळ धरायला दिलंय. हा चौथा खर्डा होता. रात्री वाचताना तो त्यांना स्वतःचा वाटला होता. सकाळी खात्री राहिली नव्हती.

माणिकबाईंनी दार उघडलं. पांढरं लुगडं, पांढरे केस, नजर मात्र मुद्रितं तपासणाऱ्याची. "ये श्रावण. बस. पाणी पे. ते वाट पाहून राहिले."

खोली होती तशी होती. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, आत तो ओला वास आणि हिरवट अंधार. भर दुपारी तिथं संध्याकाळ होती. कोपऱ्यात जुना लोखंडी कुलर. मध्ये सरांची वेताची खुर्ची. बसण्याच्या जागी वेत खोलगट झाला होता, आणि दोन वर्षांत तो खोलगटपणा कमी झाला नव्हता. खुर्चीवर एक पाकीट ठेवलेलं होतं.

"पाडव्याचं," माणिकबाई म्हणाल्या. "दोन वर्षं झाले, मीच भरतो अन् मीच इथं ठेवतो. पाच टक्के. मंग त्यायच्या हातून घेतल्यासारखं उचलतो. औंदा उचललंच नाई अजून. लागलंच नाई."

श्रावणराव समोरच्या स्टुलावर बसले. एमएला असताना याच स्टुलावर बसत. गुडघे छातीला लागत तसेच आजही लागले. त्यांनी वाचायला सुरुवात केली.

"पैशाच्या स्थिर वाढीचा नियम आकर्षक आहे, कारण तो सोपा आहे..."

माणिकबाईंनी पलंगाच्या कडेवर बोट टेकवलं. टक्. "हे त्यायचं. तिसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना. 'नियम आकर्षक आहे, कारण तो सोपा आहे, आणि सोपा आहे, कारण तो खरा आहे.'"

श्रावणरावांनी ओळ खोडली. पुढं वाचलं. टक्. खोडली. टक्. सहा पानं वाचून होईस्तोवर त्यांच्या लक्षात आलं की प्रत्येक टक् बरोबर कुलरचा पंपही अडतो आणि खाकरतो. खर्रर्र. मग पाण्याची धार पुन्हा चालू. त्यांनी मान वळवली नाही. मान वळवून पाहिलं असतं तर तिथं फक्त कुलर असता, आणि ते जास्त भयंकर झालं असतं.

"चलनवाढ रोखण्यासाठी स्थिर चलनवाढीचा नियम..." ते वाचत होते.

टक्.

"काकू, आता यात काय सरांचं आहे?" श्रावणराव रडवेले झाले. "चलनवाढ हा काय सरांचा शब्द आहे? मराठीचा शब्द आहे तो. रोज पेपरात येतो."

"पेपरात महागाईले म्हंतात चलनवाढ. ते त्या शब्दानं दोन कामं करत. पैसा वाढला, तरी चलनवाढ. भाव वाढले, तरी चलनवाढ. म्या पहिल्यांदा नक्कल काढली तवा विचारलं होतं, का बापा, वाचणाऱ्यानं समजाचं कसं, कोणती कोणती? तं हासले. म्हणे, 'माणिक, चलनवाढ म्हणजेच चलनवाढ. दोन नाहीतच.' अन् तेच वाक्य मंग पुस्तकात टाकलं. पान एकशे चार."

श्रावणराव कागदाकडे पाहत राहिले. आणि हळूहळू त्यांच्या अंगावर काटा आला, पण तो भीतीचा नव्हता. किंवा होता, पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं.

पैसा गुणिले त्याचा भ्रमणवेग, बरोबर भाव गुणिले विकलेला माल. हे समीकरण केन्सवाद्यांनाही मान्य, सरांनाही मान्य. भांडण पुढं आहे. वेग आपल्या चालीनं चालतो, त्यात अचानक धक्के नाहीत, आणि माल लांबच्या पल्ल्यात आपल्या गतीनं वाढतो असं मानलं, तर पैसा जितका जास्त वाढेल तितके शेवटी भाव वाढतील. पण हे मानायचं की नाही, हाच तर वाद! आणि सरांनी तो वाद जिंकला नव्हता. सरांनी तो होऊच दिला नव्हता. कारणाला आणि परिणामाला एकच नाव ठेवलं, की 'पैसा वाढूनही भाव वाढले नाहीत' हे वाक्य मराठीत कसं होतं? चलनवाढ होऊनही चलनवाढ झाली नाही. हे लिहिणारा माणूस येडाच ठरणार. म्हणून पेन तिथं येऊन जड होत होतं. मोर्शीच्या पोराचं, बार्शीटाकळीच्या पोरीचं, सगळ्यांचं. भूत खुर्चीत नव्हतंच. ते शब्दात राहत होतं, आणि ज्यानं शब्द तोंडात घेतला त्याच्या अंगात येत होतं.

"काकू," ते म्हणाले, "एक काळं पेन आहे का?"

बारा पानांवर त्यांनी तो शब्द एकेक करून गाठला आणि दोन केला. एका जागी 'पैशाची वाढ'. दुसऱ्या जागी 'भाववाढ'. मराठीत आधीपासून पडलेले, गावातल्या म्हातारीलाही कळणारे दोन शब्द. आणि काय आश्चर्य, शब्द सुटा झाला की वाक्य जिथं मान टाकत होतं तिथं उभं राहू लागलं. कुलर मात्र पाठीमागं सतत खाकरत होता, जणू तासाला उशिरा आलेल्या पोराला दारातच थांबवायचं आहे.

मग ते कागद बाजूला ठेवून तोंडानंच बोलायला लागले, खुर्चीकडे पाहून.

"सर, लॉकडाउनमध्ये माझा पगार वेळेवर आला. बँकेत पडून राहिला. चंदानं म्हटलं, पुढं काय होईल सांगता येत नाही, राहू द्या. आमच्या चौकातला सलूनवाला, ऑटोवाला, डबेवाली, कोणाच्या हातात त्यातला रुपया गेला नाही. देशात पैसा त्या वर्षी कमी नव्हता, उलट वाढला होता. फिरत नव्हता. भीती वाटली की माणूस पैसा धरून बसतो. मग तुमच्या नियमानं ठरलेले टक्के ओतत राहिले तरी ते ओतलेलं माणसांच्या मुठीत मुरतं. भाव आणि मजुरी काही लगेच खाली येत नाहीत. खाली येतं ते काम. पोरं घरी बसतात. अशा वेळी सरकारनं खर्च करावा, बँकेनं हात मोकळा सोडावा, आणि तुमचा नियम म्हणतो, हात बांधून ठेवा."

आणि उत्तर आलं. आलं ते श्रावणरावांच्याच तोंडून, पण आवाज खर्जातला, पुस्तकी, दम्याचा. माणिकबाई पलंगावर ताठ झाल्या.

"वेग घटला आहे हे साहेबाला समजणार केव्हा, तायडे? आकडे हाती येतील तोवर तो पुन्हा वाढलेला असेल. मग त्याने ओतलेला पैसा भाव पेटवील. ज्याला दिसत नाही त्याने गाडी हाकू नये."

"बरोबर आहे, सर. उशीर होतो. चुका होतात. पण दिसत नाही म्हणून हँडल एकाच ठिकाणी बांधून टाकायचं आणि रस्ता सरळच आहे असं समजायचं? आणि बांधायचं तरी कशाशी? पैसा म्हणजे नेमकं काय मोजायचं? नोटा? खात्यातली शिल्लक? मुदतठेवी? आता तर मोबाइलवरून क्षणात इकडचं तिकडे. ज्या मापावर तुम्ही नियम बांधाल त्या मापाबाहेर लोक पैसा ठेवायला शिकतील, आणि बँका त्यांना शिकवतील. शिवाय बँकांनी कर्ज दिलं की पैसा वाढतो. तेवढा काटेकोर आकडा वरच्या बँकेच्या हातात असतो तरी का? आणि आकडा धरून ठेवला की व्याजाचे दर उड्या मारतात, त्याचं काय?"

खर्रर्र.

"मोर्शीकडं संत्र्याच्या बागा आहेत, सर. बागेला रोज तेवढंच पाणी दिलं तर झाड हिरवंगार राहतं, पण बहार धरत नाही. आधी पाणी तोडून ताण द्यावा लागतो. मग योग्य वेळी सोडावं लागतं. ती वेळ नियमात लिहिलेली नसते. झाड पाहून ठरवावी लागते."

"आणि ताण जास्त झाला तर?" खर्जातला आवाज म्हणाला. "फांद्या वाळतात. मी पाहिल्या आहेत. वेळ कोण ठरवणार? तुम्ही?"

प्रश्नात दम होता. सरांच्या बाजूनं सगळ्यात खरं एवढंच होतं, आणि ते फार होतं. शहाण्या माळ्याच्या हातूनही बागा वाळल्या आहेत. नियम त्या भीतीतून जन्माला आला होता, मोहातून नव्हे. त्यांना वाटलं, सर साखर तीनच चमचे का घालत? अडीच का नाही, चार का नाही? बहुतेक त्यांना स्वतःचाच भरवसा नव्हता.

आणि मग त्यांना आपला एमएचा प्रबंध आठवला. त्यात जिथं जिथं त्यांनी 'मला वाटते' असं लिहिलं होतं, तिथं तिथं सरांनी हिरव्या शाईनं समासात लिहिलं होतं, 'कोण आपण?' त्यांची एकोणीस वर्षांची बहीण तेव्हा म्हणाली होती, तुझा सर विनोदी आहे. श्रावणला हसू आलं नव्हतं. त्यानं सगळीकडे 'असे मानले जाते' केलं होतं, आणि पुढं आयुष्यभर मानलं जात गेलं.

"मला वाटतं," श्रावणराव म्हणाले, आणि आवाज त्यांचा होता, थोडा किनरा, तेल्हाऱ्याचा, "मले वाटते, सर, की चुकन माणूस. पण चुकला तं दुसऱ्या दिवशी दुरुस्त तरी करन. नियम चुकला तं तो चूकच करत राहीन, दरसाल, तेवढ्याच टक्क्यानं. तुमी त्या खुर्चीत हात बांधून बसले ते भेवापायी. म्या तुमच्यामागं तीस वर्षं हात बांधून बसलो. मले बी भेवच वाटत होतं. नियम-बियम काई नव्हता त्यात."

बोलून झालं. खोलीत वाळ्याच्या पडद्यांवरून पाणी ठिबकत होतं. श्रावणरावांना घशात काही अडकल्यासारखं झालं. ते खाकरणार, इतक्यात त्यांच्या ध्यानात आलं की खाकरायचं काही नाही. घसा मोकळा होता. इतका मोकळा की एखादं दार उघडं राहिल्यासारखं त्यांना चुकचुकल्यासारखं वाटलं.

"भ्रमणवेग," त्यांनी हळूच म्हणून पाहिलं. शब्द सरळ निघाला.

आणि त्याच क्षणी कुलर बंद पडला. लाइट गेली असं म्हणावं तर वरचा पंखा फिरत होता. वेताची खुर्ची करकरली, कोणी मांडीवर हात टेकून उठावं तशी. पाकीट एका बाजूनं किंचित कललं. पंख्याचा वारा असेल. श्रावणरावांनी ठरवून टाकलं की पंख्याचाच वारा आहे, आणि स्टुलाच्या कडा दोन्ही हातांनी घट्ट धरल्या.

माणिकबाई खुर्चीकडे पाहत होत्या. त्यांनी बोट उचललेलं होतं. ते पलंगाच्या कडेवर उतरलं नाही.

"हे शेवटी जे बोलला, ते लिहिलं का कागदावर?"

"नाही काकू. आत्ता सुचलं."

"लिही. आत्ताच लिही. त्यातलं एकबी त्यायचं नाई." त्यांनी पदरानं डोळे पुसले की घाम, त्या अंधारात सांगता येत नव्हतं. "तू पयल्यांदा माझ्या घरात बोलला, बापू. पस्तीस वर्षं येऊन राह्यला, पण बोलला आज. छाप म्हणा गजेंद्रले. माझी सही घे."

श्रावणराव गुडघ्यावर कागद धरून लिहू लागले. पेन हलकं होतं. बाहेर कोणी आंबेवाला ओरडत गेला. लिहून झाल्यावर त्यांनी खाली पहिल्यांदा स्वतःचं नाव घातलं आणि ते बराच वेळ पाहिलं, कोणी ओळखीचा माणूस गर्दीत दिसल्यासारखं. मग ते स्टुलावरून उठले आणि धीर करून त्यांनी ती गोष्ट विचारली जी विचारायला ते अकोल्याहून आले होते.

"काकू, सर... म्हणजे तुम्हाला काही... सर काय म्हणाले?"

माणिकबाईंनी हात वर करून त्यांना गप्प केलं. डोळे मिटले. मान खुर्चीच्या दिशेनं कलती केली. तीस वर्षांचा हिशेब आता एका वाक्यात होणार होता. माणिकबाईंनी दोनदा मान हलवली, एकदा भुवई वर केली, एकदा "हाव, हाव, सांगतो" असं पुटपुटल्या. मग डोळे उघडून त्यांनी श्रावणरावांकडे पाहिलं.

"ते म्हंतात," त्या म्हणाल्या, "श्रावण उठलाच हाय, तं कोपऱ्यावरच्या चक्कीवरून तेवढं ज्वारीचं दळण आणून दे म्हणा. चक्कीवाला पाच वाजता कुलूप लावते."